टेस्ट राइडची पोस्ट आणि तिच्यामागचा हिशेब

15 जुलै 2021 रोजी ओला इलेक्ट्रिकने 499 रुपयांत आपल्या पहिल्या स्कूटरचं बुकिंग खुलं केलं आणि पहिल्या 24 तासांत लाखभर लोकांनी पैसे भरल्याचं जाहीर केलं. तोवर स्कूटरची किंमत कुणाला ठाऊक नव्हती, ती 15 ऑगस्टला कळली. चालवून बघायला तर नोव्हेंबर उजाडला. 10 नोव्हेंबरपासून बंगळूर, दिल्ली, अहमदाबाद आणि कोलकात्यात टेस्ट राइड सुरू झाल्या, त्याही आधी रक्कम भरलेल्या ग्राहकांसाठी. दुकानात चप्पल घालून चार पावलं चालल्याशिवाय पाकिटाला हात न लावणाऱ्या माणसांनी लाखाच्या घरातली वस्तू न बघता नोंदवली होती.

आता हा क्रम पुन्हा सरळ झाला आहे. तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिक स्कूटरचं नवं शोरूम उघडलं की रिबीन कापण्याआधीच व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, फेसबुकवर आणि गावाच्या बातम्या देणाऱ्या इन्स्टाग्राम पानावर एक पोस्ट फिरू लागते: टेस्ट राइडसाठी नाव नोंदवा. पेट्रोलच्या स्कूटरला एवढा खटाटोप करावा लागत नाही. ती शेजाऱ्याकडे असते, मेहुण्याकडे असते, निदान एकदा तरी मागे बसून झालेलं असतं. विजेच्या स्कूटरबद्दल मात्र घरोघरी तेच प्रश्न निघतात. चढ चढेल का? दोघं बसल्यावर दम टाकेल का? एका चार्जमध्ये किती जाईल? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं टेस्ट राइडमध्ये मिळू शकतात आणि एकाचं मिळत नाही, पण त्याकडे नंतर येऊ. आधी पोस्ट.

नमुना साधारण असा असतो:

“धमाका! धमाका! धमाका! आपल्या शहरात प्रथमच भव्य टेस्ट राइड मेळावा! फक्त 25 पैशांत 1 किलोमीटर! एका चार्जमध्ये 150 किमी*! पहिल्या 50 जणांना आकर्षक भेटवस्तू! आजच लिंकवर क्लिक करून नाव नोंदवा!”

एवढं वाचून माणूस लिंक दाबतो, नाव-नंबर भरतो आणि शनिवारी सकाळी तिथे जातो. तिथे त्याच्यासारखेच चाळीस जण आधी उभे असतात. स्कूटर दोन. त्यातली एक मालकांचे पाहुणे घेऊन गेलेले. कुणीतरी लायसन्स विचारतं, ते घरी राहिलेलं असतं. शेवटी शोरूमच्या पोराला मागे बसवून चौकापर्यंत जाऊन यायचं, भेटवस्तू म्हणून की-चेन घ्यायची आणि परतायचं. स्कूटर वाईट नव्हती, पण ती चालवून बघितली असंही म्हणता येत नाही.

यात दोष बहुतेक वेळा पोस्ट लिहिणाऱ्याचा असतो. टेस्ट राइडची पोस्ट दिसते जाहिरातीसारखी, पण तिचं काम डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचं आहे. कोण, कधी येणार आणि येताना काय घेऊन येणार, हे तिने ठरवून द्यायला हवं. त्यासाठी पोस्टच्या आधी एक हिशेब करावा लागतो आणि तो बहुधा कुणी करत नाही.

हा हिशेब एका कल्पित शोरूमवर मांडून बघता येईल. समजा, साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला एक नवं दुकान उघडतंय. तिथून यवतेश्वरचा घाट हाकेवर आहे, म्हणजे चढाची परीक्षा दारातच. रस्ता ठरला: घाटात थोडं वर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, सगळं मिळून साडेचार किलोमीटर. सावकाश चालवलं तर बारा मिनिटं. त्याआधी लायसन्स बघणं, हेल्मेट देणं, मोड कसा बदलायचा, साइड स्टँड खाली असेल तर स्कूटर का हलत नाही, ब्रेक धरून ॲक्सिलरेटर पिळला तर काय होतं, हे सांगणं यात आठ मिनिटं जातात. म्हणजे एका माणसामागे वीस मिनिटं. तासाला तीन माणसं. दोन स्कूटर असतील तर सहा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मधला एक तास जेवणाचा, म्हणजे कामाचे सात तास आणि बेचाळीस माणसं.

बेचाळीस हा आकडा कागदावर छान दिसतो. आता तोच बॅटरीच्या बाजूने तपासायचा. एका स्कूटरच्या वाट्याला एकवीस फेऱ्या येतात, म्हणजे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. स्कूटरची बॅटरी 3 किलोवॉट-तासांची, अर्थात पूर्ण भरली की तिच्यात तीन युनिट वीज मावते, असं धरू. शहरात सांभाळून चालवणाऱ्याला ती नव्वदेक किलोमीटर नेईल. पण टेस्ट राइडला आलेला माणूस सांभाळून चालवत नाही. तो सगळ्यात जोरदार मोड लावतो, मागे कुणाला तरी बसवतो आणि घाटात पिकअप किती आहे ते बघतो. त्यात पंचाहत्तर किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. दुपारच्या तासाभरात घरगुती चार्जरने वीस टक्क्यांच्या आसपास भर पडेल, म्हणजे आणखी पंधरा. एकूण नव्वद.

संध्याकाळी पाच वाजता या स्कूटरच्या अठरा फेऱ्या झालेल्या असतात, म्हणजे एक्याऐंशी किलोमीटर. बॅटरीत उरतात नऊ किलोमीटर, म्हणजे बारा टक्के. नेमक्या याच पातळीला बऱ्याच स्कूटर आपणहून हात आखडता घेतात. सगळ्यात जोरदार मोड बंद होतो, कमाल वेग कमी होतो, चढावर ओढ जाणवत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी केलेली ही सोय आहे, बिघाड नव्हे. पण सव्वापाचला आलेल्या गृहस्थांना हे कोण सांगणार? ते बायकोला मागे बसवून घाटात जातात, स्कूटर रडतखडत चढते आणि घरी जाऊन ते दहा जणांना सांगतात की ही गाडी दोघांना घेऊन यवतेश्वर चढत नाही. ते खोटं बोलत नसतात. त्यांनी तेच अनुभवलेलं असतं.

उपाय दोन आहेत. तिसरी स्कूटर आणून एक कायम चार्जिंगला ठेवायची, किंवा वीसऐवजी तीस मिनिटांच्या वेळा द्यायच्या. तीस मिनिटांच्या हिशेबाने एका स्कूटरच्या दिवसाला चौदा फेऱ्या होतात, त्रेसष्ट किलोमीटर, आणि शेवटच्या माणसालाही भरपूर चार्ज असलेली गाडी मिळते. नावं मात्र अठ्ठावीसच घेता येतात. नव्या डीलरला हा आकडा पचत नाही. त्याच्या डोक्यात “दोनशे नोंदण्या आल्या” हे वाक्य असतं, कारण कंपनीच्या विभागीय साहेबाला तेच सांगायचं असतं.

त्यात आणखी एक भानगड असते. फुकटच्या फॉर्मवर नाव टाकणारे बरेच जण येत नाहीत. म्हणून डीलर जागांपेक्षा जास्त नावं घेतो आणि तेवढं घेणं रास्तही आहे. पण न येणारे लोक दिवसभरात सारखे विखुरलेले नसतात. रविवारी सकाळी अकराला सगळे हजर होतात आणि दुपारी तीनच्या उन्हात कुणी फिरकत नाही. त्यामुळे सरसकट दीडपट नावं घेण्यापेक्षा दुपारच्या वेळांनाच जास्त नावं घ्यावीत आणि अकराच्या वेळेला एकही जादा घेऊ नये. आदल्या संध्याकाळी “उद्या 11:30 ला येताय ना? ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा” एवढा साधा मेसेज गेला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. आणि हो, की-चेनचं आमिष काढून टाकलं तर फक्त की-चेनसाठी येणारेही गळतात.

या हिशेबावर बेतलेली पोस्ट अशी दिसेल:

“शनिवार-रविवार टेस्ट राइड. सकाळी 10 ते संध्याकाळी 6, दुपारी 1 ते 2 बंद. प्रत्येकाला अर्धा तास, वेळ आधी ठरवून. रस्ता साडेचार किलोमीटरचा, यवतेश्वर घाटाच्या सुरुवातीच्या चढासह. मागे एकाला बसवता येईल. दुचाकीचं पक्कं लायसन्स लागेल, बिनगिअरचं चालेल, लर्निंग चालणार नाही. स्वतःचं हेल्मेट आणलंत तर उत्तम, नसेल तर आम्ही देऊ. पैसे भरायचे नाहीत. नाव, मोबाइल आणि सोयीची वेळ कळवा.”

यात एकही उद्गारचिन्ह नाही, हे मार्केटिंगवाल्याला रुचणार नाही. पण ती वाचून येणारा माणूस खिशात लायसन्स आणि मागच्या सीटवर बायको किंवा मुलगा घेऊन येतो, म्हणजे चालवायच्या तयारीने येतो.

लायसन्सचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. मोटर 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असलेली स्कूटर कायद्याने मोटार वाहनच धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्सही नको. त्याहून जोरात पळणाऱ्या स्कूटरला दोन्ही लागतं. एकाच दुकानात दोन्ही प्रकार विकायला असतात आणि पोस्टमध्ये कुठली स्कूटर ते लिहिलेलंच नसतं. मग कॉलेजची मुलं “लायसन्स लागत नाही म्हणे” असं ऐकून येतात आणि समोर ताशी सत्तर-ऐंशीने पळणारी गाडी असते. दुसरीकडे, फक्त बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स असलेल्या अनेक बायकांना ते इलेक्ट्रिकला चालतं की नाही याची शंका असते. ते चालतं. पोस्टमधल्या दोन शब्दांनी ही शंका फिटते. मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असलेलं लायसन्सही वैध आहे, त्यामुळे मूळ कार्ड किंवा आधार “तारण” म्हणून काउंटरवर ठेवून जायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणावं.

ग्राहक जशी आपली कागदपत्रं दाखवतो तशी दुकानदाराचीही बघायला हरकत नसते. टेस्ट राइडची गाडी एक तर रीतसर नोंदणी झालेली असावी, म्हणजे तिला हिरवी नंबरप्लेट असते, नाही तर दुकानाकडे आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट असावं. नोंदणी न झालेली गाडी संभाव्य ग्राहकाला चालवून दाखवायची मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांत या सर्टिफिकेटवरच मिळते. गाडीला विमा आहे ना, हेही विचारावं. घाटात समोरून कुणी आडवं आलं तर हे प्रश्न आधी विचारले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं.

आता तो तारांकित आकडा. “एका चार्जमध्ये 150 किमी*” या वाक्यातला तारा पोस्टच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत उतरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असायला हवा. दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे चालत नाही. तरीही ते सर्रास चालतं.

आकडा खोटा असतो असं नाही. तो चाचणीतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत स्कूटर रोलरवर चढवून ठरलेल्या तालात चालवली जाते. भारतीय ड्रायव्हिंग सायकल नावाच्या या तालाचा एक फेरा 108 सेकंदांचा आहे आणि त्यातला कमाल वेग ताशी 42 किलोमीटर. रोलरवर घाट नसतो, समोरून वारा नसतो आणि मागे बसलेले मामाही नसतात. एथरने 2022 मध्ये आणलेल्या 450एक्सचं उदाहरण घेता येईल. चाचणीनुसार तिची मजल 146 किलोमीटर होती आणि रस्त्यावर मिळणारी म्हणून कंपनीने स्वतःच सांगितलेला आकडा 105 होता. एकाच गाडीचे दोन आकडे, दोन्ही खरे, आणि मध्ये एक्केचाळीस किलोमीटरचं अंतर. पोस्टमध्ये कुठला छापायचा, यावरून दुकानाची नियत कळते.

मग टेस्ट राइडला मजल स्वतःच मोजून घ्यावी, असं बऱ्याच जणांना सुचतं. निघताना स्क्रीनवरचे टक्के बघायचे, परत आल्यावर पुन्हा बघायचे आणि भागाकार करायचा. युक्ती हुशारीची आहे, पण साडेचार किलोमीटरवर ती फसते. टक्के पूर्णांकात दिसतात. पाच टक्के उतरले तर शंभर टक्क्यांना नव्वद किलोमीटर. पण खरी उतरण चार टक्क्यांच्या जवळ असेल तर उत्तर एकशे बारा येतं आणि सहाच्या जवळ असेल तर पंचाहत्तर. पडद्यावरचा एक टक्का इकडचा तिकडे झाला की निकालच फिरतो. म्हणून सुरुवातीच्या तीन प्रश्नांपैकी मजलीचं उत्तर या फेरीत मिळत नाही. ज्याला ते हवंच असेल त्याने मेळाव्याची गर्दी ओसरल्यावर, आठवड्यातल्या एखाद्या वारी, आपल्या रोजच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर चालवायला मागावी. जाण्यायेण्याचा रस्ता तोच असेल तर चढ-उतार एकमेकांना बरेचसे झाकतात आणि आकडा विश्वासाच्या जवळ येतो. काही स्कूटर दर किलोमीटरला किती वॉट-तास खर्च झाले ते स्क्रीनवर दाखवतात. तसं असेल तर टक्क्यांकडे बघायचंच नाही. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत घेऊन त्या आकड्याने भागायची. तीन हजारांच्या बॅटरीला दर किलोमीटरला तेहतीस लागत असतील, तर नव्वद.

छोट्या फेरीत जे नक्की कळतं ते मात्र चुकवू नये. चढाच्या मध्यावर, मागे माणूस बसलेला असताना पूर्ण थांबायचं आणि पुन्हा निघायचं. गाडी मागे सरकते का, ॲक्सिलरेटर पिळल्यावर लगेच ओढते की क्षणभर विचार करते, हे तिथेच समजतं. उतरताना हात सैल सोडला की काही स्कूटर आपोआप वेग धरून ठेवतात, कारण मोटर उलट काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरत असते. पेट्रोलची सवय असलेल्याला पहिल्यांदा हे कुणी मागून ओढल्यासारखं वाटतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीत ही पकड बऱ्याचदा कमी जाणवते. म्हणून निघताना किती टक्के चार्ज आहे, हा प्रश्न पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही वेळेच्या ग्राहकाने विचारायचा आहे.

राहिला फॉर्म. नाव, मोबाइल, सोयीची वेळ, लायसन्स आहे की नाही, एवढ्यावर राइड ठरते. पण फॉर्म तिथे थांबत नाही. सध्या कुठली गाडी आहे? किती दिवसांत घ्यायचा विचार आहे? कर्ज लागेल का? नोकरी की व्यवसाय? या उत्तरांवरून शोरूमच्या भाषेत माणसाचं “लीड” होतं. पंधरा दिवसांत घेणारा हॉट, तीन महिन्यांत घेणारा वॉर्म, नुसता बघणारा कोल्ड. कोण कुणाला फोन करणार हे त्यावरून ठरतं, आणि कर्जाच्या रकान्यात “हो” लिहिलं असेल तर फायनान्सवाल्याचाही फोन येतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाचा माग ठेवण्यात गैर काही नाही. पण टेस्ट राइडच्या नावाने दिलेला नंबर कर्ज विकायला वापरणं ही वेगळी गोष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 नेमका हाच फरक करतो. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, ती सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यायचा, आणि संमती माणसाने स्वतः दिलेली असावी, आधीच टिक करून ठेवलेली नव्हे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर जाहिरातीच्या फोनचा त्रास झालाच तर 1909 वर तक्रार करण्याची वाट आहे.

पैसे मागणारा फॉर्म मात्र फॉर्मच नव्हे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्ली पोलिसांनी ओला स्कूटरच्या नावाने बनावट संकेतस्थळ चालवणारी टोळी पकडली. आधी 499 रुपये बुकिंगचे, मग विमा आणि वाहतुकीच्या नावाने हजारो, असा तिचा डाव होता. त्यामुळे टेस्ट राइडसाठी रुपयासुद्धा ऑनलाइन भरायचा नाही, आणि भरला गेलाच तर लगेच 1930 वर कळवायचं. पोस्टमध्ये दुकानाचा पत्ता आणि लँडमार्क नसेल तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या डीलरांच्या यादीत ते दुकान शोधावं.

रविवार संपला की डीलर मोकळा होतो, पोस्ट मात्र फिरतच राहते. कुणीतरी ती बुधवारी गावाच्या ग्रुपवर टाकतं, लिंक चालू असते, लोक नावं भरत राहतात आणि त्यांना कुणाचाच फोन येत नाही, कारण ती यादी शनिवारच्या कार्यक्रमाची म्हणून बंद करून ठेवलेली असते. काम नीट करणारी दुकानं रविवारी रात्रीच फॉर्म बंद करतात आणि त्याच लिंकवर दोन ओळी ठेवतात: शनिवार-रविवारच्या वेळा संपल्या, आता रोज दुपारी तीन ते पाच राइड मिळेल, येण्याआधी फोन करा. दुपारी तीनला शोरूममध्ये गर्दी नसते, स्कूटर चार्ज झालेली असते आणि वीस किलोमीटरची फेरी मागितली तर नाही म्हणायला कारणही नसतं.